हातातल्या कॅमेऱ्याचं फुटेज स्थिर करताना खांब का वाकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात लग्नं, मुंजी आणि मिरवणुका शूट करतो, एडिटिंगही स्वतःच करतो. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झाली की पुढचे आठ दिवस निपाणी, खानापूर, चिकोडीकडची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभी असतात. तक्रार बहुतेक एकच असते. यंदा एकाने ती एका वाक्यात सांगितली: "दादा, हलायचं थांबलं खरं, पण आता मागचं घर हलूलंय बघा." खालचे प्रश्न अशा बैठकांतून जमलेले आहेत.

स्थिर करताना सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

प्रत्येक फ्रेममधले काही ठळक ठिपके ते पकडतं. खिडकीचा कोपरा, पाटीवरचं अक्षर, झेंड्याच्या काठीचं टोक, असं काहीही. पुढच्या फ्रेममध्ये तेच ठिपके कुठे गेले ते शोधतं आणि त्यावरून कॅमेरा कसा हलला असेल याचा अंदाज बांधतं. मग त्या वेड्यावाकड्या वाटेच्या जागी एक गुळगुळीत वाट काढतं आणि प्रत्येक फ्रेम उलट्या दिशेने सरकवून, फिरवून किंवा ताणून त्या वाटेवर आणून ठेवतं.

यात 'अंदाज' हा शब्द लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसत नाही, त्याला फक्त ठिपके दिसतात. ठिपका घराचा आहे की लेझीम खेळणाऱ्या पोराच्या फेट्याचा, हे त्याला आपोआप कळत नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

मग चित्र वाकतं कशामुळे?

खानापूरच्या एसटीत खिडकीशी बसलात की जवळची झाडं सपासप मागे जातात आणि लांबचे डोंगर जागेवर राहतात. कॅमेरा हातात धरून चालतानाही हेच होतं. मनगट वळल्यामुळे कॅमेरा नुसता फिरला तर जवळचं-लांबचं सगळं एकसारखं सरकतं, आणि अख्खी फ्रेम उलट फिरवली की काम भागतं. पण पाऊल टाकताना कॅमेरा स्वतःच्या जागेवरून वर, खाली, बाजूला जातो. तेव्हा समोरचा ढोल जास्त सरकतो आणि मागची इमारत कमी. दोन्ही एकाच सरकवण्याने जागेवर येणार नाहीत. ढोल बसवला तर इमारत हलते, इमारत बसवली तर ढोल.

यावर उपाय म्हणून काही पद्धती चित्राला रबराच्या पत्र्यासारखं वागवतात. फ्रेमवर एक जाळी कल्पायची आणि जाळीचा प्रत्येक तुकडा वेगवेगळा ताणायचा. ॲडोबीच्या Warp Stabilizer मधली Subspace Warp ही पद्धत या जातीची आहे, आणि इफेक्ट टाकल्या टाकल्या तीच निवडलेली असते. मोकळा रस्ता आणि लांबची दृश्यं असतील तर ती कमालीची चांगली चालते. मी तिला शिव्या देतोय असं समजू नका. पण अरुंद गल्ली, दोन्हीकडे माणसं आणि मध्ये नाचणारं पथक असलं की जाळीचे तुकडे वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात. अशा वेळी भिंतीला पोट सुटतं आणि खांबाला कंबर येते.

वाकलंय हे ओळखायचं कसं? मला तर पहिल्यांदा बघताना काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही, कारण आपली नजर मधल्या माणसावर असते आणि सॉफ्टवेअरची लबाडी कडेला चालते. शिवाय मूळ थरथरता शॉट नुकताच बघितलेला असतो, त्यामुळे त्यानंतर काहीही छानच वाटतं.

मी एक साधी गोष्ट करतो. फ्रेममध्ये एखादी उभी सरळ रेघ शोधतो. विजेचा खांब, दुकानाच्या शटरची चौकट, इमारतीची कड, काहीही चालेल, पण कडेच्या बाजूची हवी. क्लिप थांबवून मॉनिटरवर त्या रेघेला लागून कागदाची पट्टी चिकटपट्टीने लावतो आणि तीन-चार सेकंद एकेक फ्रेम पुढे नेत बघतो. रेघ पट्टीपासून अख्खीच्या अख्खी लांब गेली तर ते कॅमेऱ्याचं हलणं आहे, त्यात वावगं काही नाही. पण वरचं आणि खालचं टोक पट्टीला लागलेलं असताना मधला भाग सुटला, किंवा खालचा भाग जागेवर आणि वरचा डुलतोय असं झालं, तर चित्र वाकलंय. पट्टीचा प्रकार पोरांना गमतीचा वाटतो. पण एकदा केला की नजर तयार होते, नंतर पट्टी लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे जमीन. चालत काढलेल्या शॉटमध्ये पायाखालचा रस्ता कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ असतो, म्हणून तिथे ताण जास्त बसतो. डांबर पाण्यासारखं हिंदकळतंय असं वाटलं तर समजून जा. तिसरी जागा कडेचा चेहरा. फ्रेमच्या टोकाला उभा असलेला माणूस क्षणभर रुंद होतो आणि परत बारीक होतो. लग्नाच्या अल्बमवाल्या गिऱ्हाइकाला बाकी काही कळो न कळो, आत्याबाईंचा गाल फुगलेला लगेच कळतो.

अजून एक खूण आहे. क्लिप दुप्पट वेगाने चालवून बघा. नेहमीच्या वेगात सावकाश होणारं फुगणं-आकसणं डोळा सोडून देतो. वेग वाढवला की अख्खं चित्र श्वास घेतल्यासारखं दिसतं.

वाकडेपणा स्टॅबिलायझरने आणला की तो मूळ फुटेजमध्येच होता?

हे आधी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. इफेक्ट बंद करून तीच फ्रेम मूळ क्लिपमध्ये बघा. तिथे खांब सरळ असेल तर वाकवलं सॉफ्टवेअरने. तिथेच तिरका असेल तर गुन्हेगार रोलिंग शटर आहे.

आपल्या फोनचा आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. वडगाव-शहापुरात मागावर साडी जशी धागा धागा पुढे सरकते, तसं चित्र वरून खाली ओळीओळीने वाचलं जातं. समजा अख्खी फ्रेम वाचायला 20 मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात तुमचा हात झटक्याने वळला आणि चित्र सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने सरकत असेल, म्हणजे 1920 रुंदीची फ्रेम दोन सेकंदांत पार होईल इतकं, तर वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात 19 पिक्सेलचा फरक पडतो. खांब तेवढा कलतो.

फरक ओळखायची खूण अशी. रोलिंग शटरचा कल अख्ख्या फ्रेमला एकदम येतो, एक-दोन फ्रेम टिकतो आणि हात उलटा वळला की उलट्या बाजूला जातो. स्टॅबिलायझरचं वाकणं सावकाश असतं, एखाद्याच कोपऱ्यात असतं आणि वीस-पंचवीस फ्रेम रेंगाळतं.

आता यातली गंमत, किंवा वैताग म्हणा. मूळ शॉट थरथरत असताना हा कल कोणाला दिसत नाही, कारण सगळंच हलत असतं. स्थिर केल्यावर थरथर जाते आणि कल तेवढा मागे उरतो. मग चित्र जेलीसारखं थुलथुलतं आणि बोल स्टॅबिलायझरला लागतो.

प्रीमियरमध्ये Rolling Shutter Ripple हा पर्याय आहे. तो Automatic Reduction वर असतो, कल मोठा असेल तर Enhanced Reduction करा. मात्र तो Perspective आणि Subspace Warp या दोन पद्धतींतच उपयोगी पडतो. Position, Scale, Rotation ही साधी पद्धत वापरायची असेल तर आधी क्लिपवर Rolling Shutter Repair टाका, क्लिप नेस्ट करा, म्हणजे ती वेगळ्या सिक्वेन्समध्ये बंद करा, आणि त्या नेस्टवर स्टॅबिलायझर लावा.

एखादा शॉट घेऊन सगळं क्रमाने सांगाल का?

सांगतो. चित्ररथाच्या पुढे लेझीम पथक होतं आणि आमचा एक पोरगा त्यांच्यासमोर उलटं चालत शूट करत होता. क्लिप 14 सेकंदांची, 25 फ्रेमची, 1920 बाय 1080. गल्ली अरुंद, डावीकडे मिठाईच्या दुकानाची पाटी, उजवीकडे विजेचा खांब, वर माळा. आठव्या सेकंदाला एक ढोलवाला डावीकडून उजवीकडे फ्रेमसमोरून गेला आणि साधारण दोन सेकंद निम्मी फ्रेम त्यानेच व्यापली.

पोराने Warp Stabilizer टाकला आणि काही न बदलता रेंडर केला. म्हणजे Method ला Subspace Warp आणि Smoothness 50%. Auto-scale चा आकडा 131% दाखवत होता. हा आकडा सगळ्यात आधी वाचायची सवय लावा, तो खोटं बोलत नाही. 131% म्हणजे कडा लपवायला चित्र एवढं मोठं करावं लागलं की 1920 पैकी जेमतेम 1466 पिक्सेल रुंदी वापरात राहिली. पथकातली दोन्ही टोकाची पोरं फ्रेमबाहेर गेली. खांब तर ढोलवाला पुढून जाताना एका बाजूला झुकला आणि तो गेल्यावर परत उभा राहिला. ढोलावरचे ठिपके सॉफ्टवेअरला सगळ्यात ठळक वाटले आणि ढोल म्हणजेच जग असं त्याने धरून टाकलं.

आम्ही पहिल्यांदा Method बदलून Position, Scale, Rotation केलं. या पद्धतीत फ्रेम सरकते, फिरते, लहानमोठी होते, पण वाकत नाही. भिंत आयुष्यात कधी फुगणार नाही. मग Smoothness 50 वरून 12 वर आणला. चालत काढलेला शॉट ट्रायपॉडवरचा दिसावा ही अपेक्षाच चूक आहे. प्रेक्षकाला चालणं कळलं तरी चालतं, फक्त दचके नकोत. एवढ्यानेच Auto-scale 108% वर आला, म्हणजे 1778 पिक्सेल हातात राहिले.

मधल्या ढोलवाल्याचा प्रश्न उरला. साधी पद्धतही ठिपक्यांवरच चालते, त्यामुळे आता खांब वाकण्याऐवजी अख्खी फ्रेम त्याच्यामुळे ओढली जात होती. इथे दोन वाटा आहेत. पहिली, क्लिप तीन तुकड्यांत कापायची, मधल्या दोन सेकंदांचा इफेक्ट काढून टाकायचा आणि बाकी दोन तुकड्यांवर Analyze पुन्हा दाबायचं. पण स्थिर, अस्थिर, स्थिर असा सांधा उघडा पडतो. त्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट टाकता आला तरच ही वाट धरा.

दुसरी वाट आफ्टर इफेक्ट्समध्ये आहे आणि तीच खरी. Warp Stabilizer च्या Advanced मध्ये Show Track Points सुरू केलं की पकडलेले ठिपके पडद्यावर दिसतात. आमच्या शॉटमध्ये ढोलावर आणि लेझीमवाल्यांच्या फेट्यांवर ठिपक्यांचा सडा पडला होता, दुकानाच्या पाटीवर मोजके. ढोल आणि फेट्यांवरचे ठिपके माउसने घेरून डिलीट केले. Auto-delete Points Across Time चालू असलं की एका फ्रेममध्ये खोडलेले ठिपके पुढच्या-मागच्या फ्रेममधूनही जातात. पाटी, खांब आणि माळांच्या गाठी यांवरचे ठिपके ठेवले. चहा होईपर्यंत काम झालं. खांब उभा राहिला आणि ढोलवाला त्याच्यापुढून निघून गेला. मुळात तो तसाच गेला होता.

Subspace Warp वरून थेट साध्या पद्धतीवर आलात, मधली Perspective पद्धत का सोडली?

ती फ्रेमचे चार कोपरे वेगवेगळे खेचते. रेघा सरळ राहतात, पण चौकोनाचा पतंग होऊ शकतो. चित्ररथाची चौकोनी मागची बाजू फ्रेमभर असेल तर ते लगेच दिसतं. अंतर जास्त असेल आणि हलणं मुख्यतः हात वळल्याचं असेल तर जरूर वापरा.

डाविंची रिझॉल्व्हमध्ये हेच कसं?

तिथे Perspective, Similarity आणि Translation असे तीन पर्याय मिळतात. मिरवणुकीसाठी Similarity पासून सुरुवात करा, ती वर सांगितलेल्या साध्या पद्धतीसारखी आहे. तरी चित्र डुलतंय असं वाटलं तर Translation. Camera Lock ला हात लावायचा तर कॅमेरा एका जागी धरलेला असला पाहिजे. चालत्या शॉटवर तो लावला की काय होतं ते बघायचं असेल तर गंमत म्हणून लावून बघा.

किती झूम सहन करायचा?

1080 मध्ये शूट करून 1080 मध्येच देणार असाल तर मी 115% च्या पुढे जात नाही. चेहऱ्यावरचा बारकावा जातो आणि बाजूच्या न वाढवलेल्या शॉटशेजारी तो शॉट मऊ पडतो. 4K मध्ये शूट करून 1080 मध्ये देणार असाल तर दुपटीपर्यंत जागा असते, कारण 3840 ची निम्मी 1920. म्हणून मिरवणुकीला मी 4K लावतो आणि थोडं मागे राहून रुंद फ्रेम धरतो. मात्र काही कॅमेरे 4K मध्ये सेन्सर सावकाश वाचतात आणि खांब जास्त कलतो. आपल्या कॅमेऱ्याचं काय आहे ते दाराची चौकट समोर धरून, कॅमेरा डावी-उजवीकडे झपकन फिरवून घरीच तपासा.

Synthesize Edges हा पर्याय गर्दीत वापरू नका. तो कडेची रिकामी जागा मागच्या-पुढच्या फ्रेममधलं चित्र आणून भरतो. मोकळ्या आभाळाला ठीक, पण गर्दीत कडेला अर्धी माणसं उगवतात.

शॉट स्थिर झाला, पण मधूनमधून क्षणभर धूसर होतो. फोकस गेला का?

फोकस नाही गेला. हात हलला त्या फ्रेममध्ये चित्र फराटलेलं आहे. आधी हलण्यासोबत फराटा शोभून जात होता. आता चित्र गप्प उभं आहे आणि फराटा तेवढा चमकतो. हा दोष एडिटिंगमध्ये जात नाही, कारण तो टिपतानाच चित्रात शिरलेला असतो.

वरचाच हिशोब घ्या. सेकंदाला 960 पिक्सेलचा झटका बसला आणि शटर 1/50 असेल तर फराटा 19 पिक्सेलचा होतो. 1/200 असेल तर जेमतेम 5 चा. म्हणून पुढे स्थिर करायचंय हे माहीत असेल तर दिवसा शटर 1/200 च्या आसपास ठेवा. नेहमीच्या 1/50 पेक्षा चित्र थोडं तुटक वाटेल, पण धूसर ठोके पडणार नाहीत.

रात्रीच्या मिरवणुकीला एवढा उजेड कुठून आणणार? तिथे मी 1/100 वर थांबतो आणि आयएसओ वाढवतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक सेकंदाला शंभर वेळा होते आणि 1/50 किंवा 1/100 ला उजेड स्थिर राहतो. 1/200 ला चित्ररथाच्या काही दिव्यांचे आडवे पट्टे चित्रावर चढताना दिसतात. त्याहून थोडा दाणा बरा.

मंगलाष्टकांचा शॉट हातात धरून काढला होता. अक्षता पडायला लागल्या की फ्रेम उडी मारते.

अक्षतांचा प्रत्येक दाणा हा सॉफ्टवेअरसाठी एक ठळक, चमकणारा ठिपका. शेकडो ठिपके एकाच वेळी खाली चाललेत, म्हणजे कॅमेरा वर चाललाय असा त्याचा समज होतो आणि ते फ्रेम वर ओढतं. गुलालाच्या उधळणीत तोच प्रकार, फक्त जास्त गोंधळाचा, कारण गुलालामागे खरे ठिपके झाकले जातात.

गोकाकच्या धबधब्यावर तर याचं शुद्ध रूप दिसतं. समोर सतत खाली पडणारं पाणी आणि तुम्ही झुलत्या पुलावर. पूल हलतोय तो वेगळाच. पाण्यावरचे ठिपके ठेवले तर चित्र हळूहळू वर सरकत राहतं आणि मध्येच झटक्याने परत येतं. असं सरकणं-परतणं दिसलं की ठिपके चुकीच्या गोष्टीवर आहेत, हे नक्की समजा. पाण्यावरचे खोडून कड्याच्या खडकावरचे ठेवा. लग्नात मंडपाचा खांब किंवा मागच्या पडद्याची चौकट पकडा. अंतरपाटावर मात्र विसंबू नका, तो धरणारे मामा स्वतःच हलत असतात.

पैसे न घालता हे करता येतं का?

येतं, आणि वाकण्याच्या बाबतीत ते बरंच सुरक्षित आहे. FFmpeg या कमांड लिहून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरमधलं vid.stab फ्रेम सरकवतं, फिरवतं आणि मोठी करतं. जाळी ताणत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या फुकट एडिटरांच्या आतही तेच आहे. दोन फेऱ्या कराव्या लागतात, पहिलीत हलणं मोजायचं आणि दुसरीत सुधारायचं.

```
ffmpeg -i lezim.mp4 -vf vidstabdetect=shakiness=6:result=t.trf -f null -
ffmpeg -i lezim.mp4 -vf vidstabtransform=input=t.trf:smoothing=28,unsharp=5:5:0.8:3:3:0.4 -c:a copy sthir.mp4
```

इथे smoothing कडे बघा, कारण तो अंदाधुंद लावायचा आकडा नाही. तो n ठेवला तर आजूबाजूच्या 2n+1 फ्रेमवरून वाट गुळगुळीत केली जाते. तो 10 ठेवला तर 21 फ्रेम होतात, 25 फ्रेमच्या क्लिपमध्ये सेकंदापेक्षाही कमी. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे हिसका दर 12-13 फ्रेमला येतो. 21 फ्रेमच्या खिडकीत पुरते दोन हिसकेही मावत नाहीत, मग सरासरीतही पावलांची लाट शिल्लक राहते. 28 ठेवलं की 57 फ्रेम होतात, चारेक पावलं आत येतात आणि लाट मरते. एका जागी उभं राहून काढलेल्या शॉटला 10-15 पुरतं. ते 60-70 वर नेलं तर कॅमेरा मुद्दाम वळवलेला असेल तिथे चित्र उशिरा वळतं आणि झूम वाढतो.

शेवटचं unsharp हे सरकवण्याने आलेला मऊपणा थोडा भरून काढायला. तयार फाइल कुठे गेली म्हणून विचारू नका, ज्या फोल्डरमध्ये उभे राहून कमांड दिली तिथेच असते.

फोनमध्ये स्टॅबिलायझेशन चालू होतंच. वरून परत केलं तर अजून चांगलं होईल ना?

सहसा बिघडतं. फोनने आधीच प्रत्येक फ्रेम आपल्या पद्धतीने कापलेली आणि वळवलेली असते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला जे हलणं दिसतं ते हाताचं आणि फोनच्या दुरुस्तीचं मिळून झालेलं कडबोळं असतं. रात्री तर फोन हाताच्या झटक्यातले फराटे तसेच ठेवून चित्र जागेवर धरतो, त्यामुळे दिवे जागच्या जागी थरथरतात. एक काय ते ठरवा. मिरवणुकीत चालत असाल आणि एडिट करायला वेळ नसेल तर फोनवर सोडा. नीट काम करायचं असेल तर फोनचं बंद करा आणि फ्रेम रुंद धरा. लेन्सच हलवणारं आतलं स्टॅबिलायझेशन बहुतेक फोनमध्ये बंद करता येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

गिंबल घेतला की सुटलो का?

हात वळण्यातून सुटलात, पावलांतून नाही. गिंबल कॅमेऱ्याचं फिरणं खातो, वर-खाली होणं तसंच राहतं. गुडघे थोडे वाकवून, टाच आधी टेकवून चाला. आणि गिंबलच्या शॉटवर Smoothness 5 च्या पुढे नेऊ नका.

जायरोवाली पद्धत म्हणजे काय?

काही ॲक्शन कॅमेरे आणि मिररलेस कॅमेरे शूट होताना कॅमेरा किती फिरला याची नोंद फाइलमध्येच ठेवतात. जायरोफ्लो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून चित्र सुधारतं. चित्रात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून ढोलवाला, अक्षता, धबधबा यांपैकी कोणी त्याला फसवू शकत नाही. लेन्सचं प्रोफाइल बरोबर निवडलं तर ओळीओळीचा कलही ते काढतं. गर्दीच्या कामाला मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. पण जायरोला फिरणं कळतं, जागा बदलणं नाही. चालण्याचा वर-खाली हिसका इथेही उरतो. आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन शूट करताना बंद असावं लागतं, हे दहातले नऊजण विसरतात. मीही विसरलोय, तेही एका अख्ख्या साखरपुड्यात.

कुस्तीच्या मैदानातले शॉट?

स्थिर करू नका. पैलवान फिरला की तुम्ही कॅमेरा फिरवणार आणि स्टॅबिलायझर ते फिरवणं दाबायला बघणार. मोनोपॉड घ्या.

क्लिप स्लो मोशन केली आहे, त्यावर इफेक्ट बसत नाही.

प्रीमियरमध्ये वेग बदललेल्या क्लिपवर Warp Stabilizer थेट चालत नाही. मूळ वेगाच्या क्लिपवर तो लावा, नेस्ट करा आणि नेस्टचा वेग कमी करा. 50 फ्रेममध्ये काढून 25 वर निम्म्या वेगाने चालवलं की हिसके तसेही अर्ध्या वेगाचे होतात. बऱ्याचदा मग स्टॅबिलायझरची गरजच पडत नाही. लेझीमला ते शोभतं, ढोलाला नाही. आवाज सोडून गेलेला ढोल कोणाला बघवत नाही.

सगळं करून बघितलं, तरी एक कोपरा वाकतोच. काय करू?

कोणता कोपरा आणि किती वेळ, ते आधी बघा. वाकणारी रेघ अंधाऱ्या भागात असेल आणि प्रेक्षकाची नजर पथकावर खिळलेली असेल तर सोडून द्या. रेघ उजेडात असेल तर फ्रेम अजून थोडी मोठी करून ती बाहेर काढता येते का बघा. नाहीच जमलं तर Smoothness उतरवत उतरवत 3-4 वर आणा आणि वाकणं थांबतं तिथे थांबा, थोडी थरथर राहू दे. थरथरणारा शॉट हातात धरून काढलाय हे सगळ्यांना कळतं. वाकणारा खांब बघून मात्र काहीतरी चुकतंय एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही.

त्या लेझीमच्या क्लिपमधले 14 पैकी शेवटी 9 सेकंद वापरले. उरलेल्यात पोरगा मागे बघायला वळला होता आणि फ्रेममध्ये नुसतं आभाळ होतं.